वाचकाने दिवाच विझवला! मुक्त कृतीची गोष्ट आता पुढे कशी न्यावी?

मेघना_त

एका मैत्रिणीसाठी मी सध्या लिखित संवादी गोष्ट चालवते आहे. मी निवेदक, ती गोष्टीतलं एक पात्र. मी प्रसंग लिहून पाठवते आणि थांबते. मग तिचं पात्र काय करतं ते ती स्वतःच्या शब्दांत लिहिते. मी पर्याय देत नाही, तिला सुचेल ते ती करू शकते.

गोष्ट अशी आहे. खडकाळ बेटावर रॉकेलवर चालणारं जुनं दीपगृह. मुख्य रखवालदार यशवंत आठवडाभर बेपत्ता आहेत. मैत्रीण तपासणी अधिकारी म्हणून बेटावर उतरली आहे. तिथे दोघंच आहेत, मदतनीस भिवा आणि यशवंतची थोरली बहीण गोदाक्का. माझ्याकडे असलेलं सत्य असं: महिन्यापूर्वी भिवाने पैसे घेऊन एका रात्री दिवा बंद ठेवला आणि एक गलबत खडकावर फुटलं. यशवंत त्या रात्री तापाने झोपून होते. सकाळी भिवाच्या शब्दावर त्यांनी नोंदवहीत ‘दिवा रात्रभर चालू’ असं लिहून सही केली. खरं कळल्यावर ते घाबरून जुन्या तेलकोठारात लपले. गोदाक्का त्यांना चोरून डबा पोचवते.

माझा बेत होता की अधिकारी आधी नोंदवही वाचेल, मग गोदाक्काला बोलतं करेल आणि पाचव्या भागात कोठारापर्यंत पोचेल. मैत्रिणीने दुसऱ्याच खेपेला लिहिलं: ‘अंधार पडल्यावर मी दिव्याच्या खोलीत जाते आणि दिवा विझवते.’ समुद्र खवळलेला आहे आणि मध्यरात्री सामानाची होडी यायची आहे, हे मी पहिल्याच प्रसंगात लिहून बसले आहे. आता पुढचा प्रसंग कसा लिहू?

नवखा१२

यासाठी आधी कागदावर झाड काढून घ्यायचं. प्रत्येक प्रसंगाखाली तीन पर्याय, प्रत्येक पर्यायाला बाण. मी अशीच एक गोष्ट केली होती. फाटे फार वाढले की दोन-तीन बाण पुन्हा एका प्रसंगात आणून सोडायचे. वाचकाला कळतही नाही.

मेघना_त

@नवखा१२, ती पद्धत मला आवडते, पण माझा प्रश्न वेगळा आहे. इथे पर्याय नाहीतच. शिवाय तीन-तीन पर्याय पाच वेळा दिले आणि फाटे जोडले नाहीत तर शेवट २४३ होतात, आणि त्या २४३ मध्येही ‘दिवा विझव’ कदाचित आलं नसतं. मला ते सुचलंच नव्हतं.

अंतू

निवेदक तुम्ही आहात, अधिकार तुमचा. खोलीला कुलूप आहे आणि किल्ली यशवंतकडे राहिली असं लिहा. ती आपोआप नोंदवहीकडे वळेल. दुसरा उपाय ‘हो, पण’चा. नाही कधीच म्हणायचं नाही. दिवा विझू द्या, पण भिवाकडून लगेच पेटवून घ्या. मी नेहमी असंच करतो, गोष्ट रुळावर राहते.

रा_वि

मेघनाताई, ‘हो’ की ‘नाही’ की ‘हो, पण’ हे ठरवण्याआधी एक विचारायचं राहिलंय. तिला दिवा का विझवायचा आहे?

मुक्त कृतीच्या गोष्टीत निवेदकाला कृती दिसते, हेतू दिसत नाही. समोरासमोर खेळताना चेहऱ्यावरून थोडा अंदाज येतो. लिखित गोष्टीत एक वाक्य येतं आणि निवेदक त्याला आपल्या मनातला हेतू चिकटवतो. तुम्हाला ही मोडतोड वाटली असेल. पण कदाचित तिला भिवाची परीक्षा घ्यायची असेल, गलबताला खूण करायची असेल, किंवा दिव्याची यंत्रणा तपासायची असेल. या तिन्हींचा पुढचा प्रसंग वेगळा आहे. हेतू चुकीचा धरला तर तुम्ही कितीही चांगलं लिहिलं तरी तिला वाटेल की आपलं म्हणणं ऐकलंच गेलं नाही.

विचारायचं अगदी साधेपणाने, गोष्टीबाहेर येऊन: ‘यातून काय घडावं असं तुझ्या पात्राला वाटतंय?’ यात रहस्य फुटत नाही. आणि त्याच निरोपात, तिच्या पात्राला सहज कळण्यासारखं जे आहे ते सांगून टाकायचं. हा जुना वाफेचा रॉकेल दिवा असेल, तर तो विझवला की नुसती काडी लावून पेटत नाही. बर्नर आधी स्पिरिटने तापवावा लागतो, तेव्हा कुठे रॉकेलची वाफ होते. म्हणजे मधली काही मिनिटं अंधारातच जाणार. तपासणी अधिकाऱ्याला हे माहीत असतं. किंमत आधी सांगितलीत आणि तरी ती म्हणाली ‘विझवते’, तर पुढे जे होईल ते तिने निवडलेलं असेल. किंमत नंतर कळली तर तो तिला सापळा वाटेल.

कुलपाबद्दल: पहिल्या प्रसंगात कुलूप लिहिलं होतं का? नसेल तर ते तिच्या कृतीनंतर उगवलेलं कुलूप आहे. तिच्याकडे मागचा सगळा मजकूर आहे, वर सरकवून ती पाहू शकते.

मेघना_त

विचारलं. उत्तर वाचून मी थक्क झाले. तिने लिहिलं: ‘बेटावरून होडी बाहेर गेलेली नाही, असं भिवा म्हणाला. गोदाक्काने तिघांचा स्वयंपाक केलाय, असं तूच लिहिलंस. म्हणजे यशवंत इथेच कुठेतरी आहेत. वीस वर्षं दिवा सांभाळलेला माणूस अंधारा दिवा पाहून लपून राहणार नाही. मी दिवा विझवून जिन्याखाली थांबते.’ पेटवायला वेळ लागेल हे सांगितल्यावर थोडा विचार करून म्हणाली, ‘होडीला अजून दोन तास आहेत ना? विझवते.’

तिघांचा स्वयंपाक मी मुद्दाम पेरला होता, पण तो चौथ्या भागासाठी. आता यशवंत तिसऱ्याच प्रसंगात समोर येतील. मग उरलेल्या गोष्टीचं काय?

अंतू

सोपं आहे. तिला कुठे माहीत आहे यशवंत जिवंत आहेत? कोठारात त्यांचा मृतदेह आहे असं ठरवून टाका. दिवा विझवला, कोणीच आलं नाही. रहस्य आणखी गडद. जे कागदावर उतरलेलं नाही ते निवेदकाला केव्हाही बदलता येतं.

प्रज्ञा_वा

अंतू, मी पूर्वी अशा गोष्टींत वाचक म्हणून बरीच खेळले आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. तुम्ही म्हणता तसा बदल एकदा केला तर पकडला जात नाही. पण तिने तीन धागे जोडून अचूक ओळखलं, आणि बरोबर ओळखलं म्हणूनच उत्तर बदललं गेलं. त्यातून ती नकळत काय शिकेल? अंदाज बांधून उपयोग नाही, निवेदक नेईल तिथे जायचं. दोन-तीन प्रसंगांनी तिची वाक्यं आखूड होतात. ‘मी बघते.’ ‘मी पुढे जाते.’ मी स्वतः तसं लिहू लागले होते आणि का, ते मला बराच काळ समजलं नव्हतं.

अंतू

हे पटतं. पण मग कागदावर न आलेलं काहीच बदलायचं नाही का? गलबताचं नाव, भिवाला पैसे कोणी दिले, हे सगळं आधीच पक्कं हवं? तसं असेल तर जुळवून घेणारा निवेदक म्हणजे नक्की काय करणारा?

रा_वि

प्रश्न रास्त आहे आणि यावर जाणकारांतही एकमत नाही. माझी रेघ अशी: वाचक ज्याचा शोध घेतो आहे, आणि ज्याचे धागेदोरे त्याच्या हाती दिले आहेत, ते हलवायचं नाही. ज्याकडे अजून कोणी वळलेलंच नाही ते मोकळं. भिवाला पैसे कोणी दिले याचा एकही धागा तुम्ही दिला नसेल तर ते उद्या ठरवा, हरकत नाही. यशवंत कुठे आहेत याचे धागे देऊन झाले, ते पक्कं झालं. मी दोन याद्या ठेवतो, ‘लिहून झालेलं’ आणि ‘पक्कं पण न लिहिलेलं’. प्रत्येक प्रसंगानंतर त्यांत भर घालतो. तिघांचा स्वयंपाक पहिल्या यादीत आहे, म्हणजे तो तिच्या मालकीचा झाला.

आता ‘उरलेल्या गोष्टीचं काय’ याकडे. मेघनाताई, तुम्ही घटनांचा क्रम तयार केला होता: नोंदवही, मग गोदाक्का, मग कोठार. वाचक मोकळा असला की पहिल्यांदा क्रमच मोडतो. त्याऐवजी माणसं तयार ठेवा. प्रत्येकासाठी तीन ओळी पुरतात: त्याला काय हवंय, त्याला काय माहीत आहे, आणि अधिकारी मध्ये पडली नाही तर आज रात्री तो काय करेल. तुमच्या मजकुरातूनच काढतो.

भिवाला नोंदवही नाहीशी करायची आहे. यशवंत बेटावरच आहेत हे त्याला माहीत नाही. अधिकारी झोपल्यावर तो वर जाऊन वही घेईल. गोदाक्काला भाऊ वाचवायचा आहे. दिवा कोणी बंद ठेवला हे तिला माहीत आहे, पण पुरावा नाही. ती मध्यरात्रीच्या होडीतून यशवंतला गुपचूप पाठवून देणार आहे. यशवंतना आपल्या सहीची लाज वाटते आणि भिवाची भीती. ते काहीच करणार नाहीत, फक्त दिव्याकडे पाहत राहतील.

आता दिवा विझवा आणि तिघांना हलू द्या. यशवंत कोठारातून धावत येतील, तिचा अंदाज खरा. पण भिवालाही अंधार दिसला, आणि आजवर त्याच्याशिवाय कोणी रात्रीच्या वेळी दिवा विझवलेला नव्हता. तो वर येईल आणि यशवंत जिवंत असल्याचं त्याला पहिल्यांदा कळेल. गोदाक्का धक्क्यावर बोचकं घेऊन उभी, तिचा बेत उघडा पडला. ‘यशवंत कुठे आहेत?’ हा प्रश्न संपला. ‘त्या सहीचं काय करायचं?’ हा सुरू झाला, आणि तो जास्त अवघड आहे, कारण तपासणी अधिकारी म्हणून निर्णय तिलाच घ्यायचा आहे. तुमचे पाच भाग वाया गेलेले नाहीत. माणसं तीच आहेत, फक्त लवकर भेटली.

शिडाची_होडी

मी हे एका वेळी आठ-दहा मुलांबरोबर करते. सगळी मिळून एक पात्र चालवतात. माझी अडचण उलटी आहे. ‘मी उडून जातो’, ‘माझ्या खिशात बॉम्ब आहे’, असं सुरू होतं. तिथे हेतू विचारत बसले तर तास संपेल.

रा_वि

@शिडाची_होडी, तिथेही हेतू असतो, बहुतेकदा ‘मला इथून सुटायचंय’ एवढाच. पण तुमचा खरा प्रश्न चौकटीचा आहे. या जगात काय शक्य आहे हे पहिल्या प्रसंगाआधी दोन वाक्यांत सांगून टाका, आणि पात्राच्या खिशात काय आहे त्याची यादी मुलांकडूनच करून घ्या. यादी फळ्यावर असली की बॉम्बचा निवाडा तुम्हाला करावा लागत नाही, बाकीची मुलंच करतात. एवढ्या मुलांचं पात्र मी कधी चालवलेलं नाही, त्यामुळे यापुढचं तुम्हीच सांगा.

गणितातला_गण्या

सगळं निवेदकाच्या मनावर का सोडायचं? यशवंत आधी पोचतात की भिवा, हे फाशांवर ठरवा. दोन साधे फासे टाकायचे. बेरीज १० किंवा जास्त आली तर वाचकाला हवं तसं. ७ ते ९ आली तर हवं ते मिळतं, पण काहीतरी द्यावं लागतं. ६ किंवा कमी आली तर परिस्थिती बिघडते. ३६ पैकी ६ वेळा पूर्ण यश, १५ वेळा मधलं, १५ वेळा बिघाड. म्हणजे साधारण १७, ४२ आणि ४२ टक्के.

पात्र त्या कामात मुरलेलं असेल तर बेरजेत १ मिळवा. तेवढ्यानेच आकडे १०, १६ आणि १० होतात, म्हणजे साधारण २८, ४४, २८. मधला पट्टा सगळ्यात मोठा होतो, आणि गोष्ट तिथेच रंगते.

प्रज्ञा_वा

समोरासमोर फासे छान. लिखित गोष्टीत मात्र मला ते खटकतात. मी प्रसंगात बुडालेली असते आणि मध्येच ‘तुझी बेरीज ६’ असं येतं. पडद्याआड फासे टाकले तर टाकलेच कशावरून?

गणितातला_गण्या

फासे वाचकाला टाकू द्या, बेरीज त्याने सांगायची. खोटं सांगायचं असेल तर सांगू दे, गोष्ट त्याचीच आहे.

रा_वि

या वादाला मोठा इतिहास आहे, थोडं विषयांतर करतो. प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ मांडला. त्यात फासे होते आणि तपशीलवार कोष्टकं होती. हुकूम लिहून द्यायचा आणि पंचाने कोष्टक पाहून निकाल सांगायचा. पुढे तक्रार होऊ लागली की कोष्टकांत फार वेळ जातो. १८७६ मध्ये प्रशियाचेच सेनाधिकारी वेर्डी दु वेर्नवा यांनी सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला आपल्या समजुतीने निकाल देऊ द्या. त्या मुक्त प्रकारावरचा आक्षेप उघड होता: पंच जाणकार नसेल तर काय?

आपल्याला लागू होतं ते एवढंच. निवाडा मनावर सोडायचा असेल तर त्या जगाचा बारकावा माहीत हवा. दिवा पुन्हा पेटायला वेळ लागतो हे माहीत असेल तर किंमत दिव्यातूनच निघते, फाशांची गरज पडत नाही. गोष्टीतल्या माहितीवरून निकाल निघत नसेल आणि दोन्ही निकालांतून गोष्ट पुढे जाणार असेल, तेवढ्यासाठी मी फासे ठेवतो. यशवंत येतील का, याला फासे नकोत, माणूसच तसा आहे. ते भिवाच्या आधी पोचतील का, याला हवेत. काही फरक पडत नसेल तिथे फासे टाकायचेच नाहीत.

मेघना_त

तिने फासे टाकले. बेरीज ८. म्हणजे यशवंत आधी पोचतात, पण काहीतरी द्यावं लागतं. हा प्रसंग लिहिलाय, पाठवण्याआधी बघाल का?

‘तू झडप बंद करतेस. ज्योत निळी होते, आक्रसते, विझते. भिंगाचा फिरता वर्ख काळा पडतो आणि तुला पहिल्यांदाच जाणवतं की हा दिवा म्हणजे या बेटाचं काळीज होतं. तुला भीती वाटते. तू जिन्याखाली दडतेस. थोड्या वेळाने अनवाणी पावलं धावत येतात. पायऱ्या चढताना धाप लागलेला म्हातारा स्वतःशीच पुटपुटतो आहे, “स्पिरिट कुठे ठेवलं, स्पिरिट.” तू त्याचा हात धरतेस आणि विचारतेस, “यशवंत?” तो थरथरत खाली बसतो. इतक्यात खालचं दार पुन्हा वाजतं. कंदिलाचा उजेड जिन्यावर चढू लागतो. बाहेर, ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी, होडीचा भोंगा ऐकू येतो.’

प्रज्ञा_वा

‘स्पिरिट कुठे ठेवलं’ फार आवडलं. त्या एका वाक्यात यशवंत कळतात. पण ‘तुला भीती वाटते’, ‘तू त्याचा हात धरतेस आणि विचारतेस’, हे तुम्ही तिच्या वतीने लिहिलंत. हात धरायचा की लपून पाहत राहायचं हे तिचं आहे. कदाचित ती गप्प राहून त्याला दिवा पेटवू देईल. बेटाच्या काळजाचं वाक्यही काढा. तिला काय जाणवावं ते तुम्ही सांगताय.

रा_वि

प्रज्ञाशी सहमत. यशवंत पायऱ्यांवर आले तिथे थांबता आलं असतं, पण मग बेरीज ८ ची किंमत पानावर येत नाही. म्हणून म्हातारा पुटपुटतोय, खालून कंदील चढतोय, भोंगा वाजतोय, एवढ्यावर थांबा. तिच्यासमोर तीन गोष्टी एकदम घडताहेत आणि तिन्हींना ती एका वाक्यात पुरी पडू शकत नाही. पुढची खेप आपोआप मिळते, ‘आता तू काय करतेस’ लिहायचीही गरज नाही.

एक शंका. होडी लवकर आली ती किंमत म्हणून आणलीत ना? भिवा वर येणं हीदेखील किंमत आहे. बेरीज ८ ला एकच पुरे. तिने ‘दोन तास आहेत ना’ असं मोजून निर्णय घेतला होता. ते गणित तुम्ही मोडलंत तर वर मी म्हटलेला सापळा होतो.

गणितातला_गण्या

इथे मी असहमत. खवळलेल्या समुद्रात होडी वेळेवर येईल असं कोणी कबूल केलं होतं? समुद्र खवळलेला आहे हे पहिल्याच प्रसंगात लिहिलंय. ती जोखीम तिला दिसत होती.

रा_वि

खवळलेल्या समुद्रात होडीला उशीर होईल असं कोणीही धरेल, लवकर येईल असं नाही. पण तुमच्या बाजूनेही बोलता येतं, मान्य.

मेघना_त

होडीचा भोंगा काढला, भिवाचा कंदील ठेवला. हात धरण्याचं वाक्य आणि भीतीचं वाक्यही काढलं. प्रसंग पाठवला आणि तिचं उत्तर आलंसुद्धा: ‘मी यशवंतना स्पिरिटची बाटली देते आणि खाली जाऊन जिन्याचं दार आतून लावून घेते. भिवाला दाराआडून विचारते, दिवा विझला हे तुला कसं कळलं, तू तर झोपलेला होतास ना?’

झोपायला जातो असं भिवा पहिल्या प्रसंगात म्हणाला होता. ते माझ्या ‘लिहून झालेलं’च्या यादीतून सुटलं होतं, तिने मात्र लक्षात ठेवलंय. आता भिवा काय उत्तर देईल?

अंतू

त्याला काय हवंय? नोंदवही. वही वर आहे, मध्ये बंद दार आहे, आत यशवंतचा आवाज आहे. मला वाटतं तो उत्तर देणार नाही. तो गोदाक्काला हाका मारेल.

प्रज्ञा_वा

किंवा लगेच खोटं बोलेल, ‘खिडकीतून दिसलं’. त्याच्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला आहे हे लिहिलंय का कुठे?

मेघना_त

नाही लिहिलेलं. आत्ता ठरवते आणि दुसऱ्या यादीत टाकते.